पायरीचा पाया: रुंदी नेमकी कोणासाठी?

साशंक : भिंतीखाली सलग चर खणायचा, तळाला काँक्रीटचा थर द्यायचा, त्यावर विटांच्या दोन-तीन पायऱ्या करत भिंतीच्या जाडीपर्यंत यायचं. शंभर वर्षांपूर्वीही हीच आकृती काढत आणि आजही परीक्षेत हीच काढायला लावतात. मला यात हिशेबापेक्षा सवयच जास्त दिसते. कुठल्याही गवंड्याला विचारा, ‘पाया अडीच फूट का?’ तो म्हणेल, ‘आपल्याकडे अडीच फूटच घेतात.’ चिखलात फळी टाकली की पाय रुतत नाही, एवढीच समजूत त्यामागे असावी. तेवढ्या समजुतीवर दुमजली घर उभं करायचं, हे मला पटत नाही.

कैवारी : समजूत चुकीची नाही, फक्त तिच्यात आकडे नाहीत. ते घालून बघू. तळमजला आणि वर एक मजला असं साधं घर घ्या. मधली भिंत नऊ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटर जाडीची. तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरच्या खोल्या, आणि दोन्हीकडचे स्लॅब तिच्यावर टेकलेले. दोन्ही बाजूंचा दीड-दीड मीटर स्लॅब तिच्या वाट्याला येतो. भिंतीची एक मीटर लांबी धरली, तर गच्चीचा स्लॅब, त्यावरचं वॉटरप्रूफिंग आणि माणसांचा भार मिळून साधारण १.९५ टन होतात. मधल्या मजल्याचे १.८ टन. सहा मीटर उंच भिंत, गिलाव्यासकट, ३ टन. जोत्याचं आणि पायाचं स्वतःचं वजन सव्वा टन. बेरीज आठ टन. ही भिंत पायाशिवाय तशीच जमिनीत उतरवली, तर २३ सेंटिमीटरच्या पट्टीवर आठ टन येतील. चौरस मीटरला जवळजवळ ३५ टन. जमीन मध्यम चिकणमातीची असेल आणि तिच्यावर चौरस मीटरला १० टनच टाकणं सुरक्षित असेल, तर पट्टी ८० सेंटिमीटर रुंद हवी. तुमच्या गवंड्याचे अडीच फूट म्हणजे ७५ सेंटिमीटर. तो हवेत बोलत नव्हता.

साशंक : पण तो १० टनांचं गणित करून बोलत नव्हता. जमीन मुरमाची निघाली आणि २० टन पेलू शकली, तरी तो अडीच फूटच खणणार. तुमच्या हिशेबाने तिथे ४० सेंटिमीटर पुरतात.

कैवारी : हिशेबाने पुरतात, पण भारतीय मानक म्हणतं की भिंतीच्या जाडीहून पाया किमान ३० सेंटिमीटर जास्त रुंद हवा. म्हणजे इथे ५३. भिंत चरात नेमकी मधोमध येईलच असं नसतं, भार थोडा एका बाजूला सरकतो, म्हणून ही सोय. तेव्हा मुरमात गवंडी थोडं जास्त खणतो, एवढाच तोटा. तो परवडतो.

साशंक : बरं, ८० सेंटिमीटर हवेत, मान्य. मग पायऱ्या कशाला? तळाला ८० सेंटिमीटरचा काँक्रीटचा थर टाका आणि त्यावर थेट नऊ इंची भिंत चढवा. विटा वाचतील, मजुरी वाचेल.

कैवारी : थर किती जाड ठेवाल? समजा २० सेंटिमीटर. भिंत मधोमध उभी असेल तर दोन्ही बाजूंना साडेअठ्ठावीस सेंटिमीटर काँक्रीट भिंतीबाहेर राहतं. जमीन त्या बाहेरच्या भागाला खालून चौरस मीटरला १० टनांनी वर ढकलते आणि भिंत मधून खाली दाबते. तो भाग भिंतीच्या कडेशी वाकू पाहतो. वाकताना खालची बाजू ताणली जाते, आणि सळया नसलेलं काँक्रीट ताण फारसा सोसत नाही. वीटकाम त्याहून कमी सोसतं. म्हणून नियम असा आहे, की साध्या सिमेंट काँक्रीटमध्ये भार एका बाजूला जितका पसरायचा, तितकी जाडी तरी हवी. वीट किंवा दगडाच्या कामात त्याच्या दुप्पट उंची हवी. पायऱ्या या प्रमाणातून आल्या आहेत. भिंत २३ सेंटिमीटर, तिच्याखाली दीड वीट म्हणजे साडेचौतीस, त्याखाली दोन विटा म्हणजे ४६. दर पायरीला प्रत्येक बाजूला पाव वीट, पावणेसहा सेंटिमीटर बाहेर. पावणेसहाला दुप्पट उंची साडेअकरा. तीन इंची विटेचा एक थर, मसाल्यासकट, साधारण साडेआठ सेंटिमीटर भरतो. तेव्हा एक थर पुरत नाही, प्रत्येक पायरी दोन थरांची होते. ४६ च्या खाली ८० चं काँक्रीट दोन्हीकडे १७ सेंटिमीटर बाहेर येतं. त्याची जाडी २० असली की प्रमाण जुळतं. एकही सळई न घालता ३५ टनांचा दाब १० टनांवर येतो.

साशंक : आणि ठेकेदाराने २० ऐवजी १० सेंटिमीटरच काँक्रीट टाकलं तर? चर बुजल्यावर कोण बघायला जातं?

कैवारी : जाडी निम्मी झाली की वाकण्याचा ताण चौपट होतो. माझ्या हिशेबात २० सेंटिमीटरला हा ताण चौरस मिलिमीटरला ०.२२ न्यूटनच्या आसपास आहे, साधं १:३:६ चं काँक्रीट तेवढा निभावतं. १० सेंटिमीटरला तो ०.८७ होतो. भरवसा ठेवावा असा हा आकडा नव्हे, थर तडकण्याची पूर्ण शक्यता. विटांच्या पायरीच्या कडेशी सरळ रेषेत तडकला की बाहेरचे १७-१७ सेंटिमीटर नुसते पडून राहतात. कागदावरची रुंदी ८०, कामाची रुंदी ४६. आणि दाब १० वरून १७ टनांच्या पुढे.

विटांतही अशीच चोरी होते, आणि ती पैशांची नसून निष्काळजीपणाची असते. दोन विटांच्या पायरीत बाहेरच्या कडेला विटा आडव्या, भिंतीच्या काटकोनात लावायच्या, म्हणजे हेडर. तेवीस सेंटिमीटर लांबीच्या विटेचा पाव भाग बाहेर राहतो आणि पाऊण भाग वरच्या कामाखाली दाबला जातो. गवंड्याने तिथे वीट भिंतीच्या लांबीत लावली, तर तिची रुंदी साडेअकरा आणि बाहेर पावणेसहा, म्हणजे अर्धी वीट बाहेर, अर्धी आत. भार आला की ती सांध्यातून कलते. चर उघडा असताना वरून नुसतं पाहिलं तरी हे ओळखू येतं. पायरीच्या कडेला विटांची छोटी डोकी दिसायला हवीत. लांब बाजू दिसली की काम थांबवावं.

साशंक : आतापर्यंतचं सगळं एका भिंतीपुरतं झालं. घरात भिंती अनेक असतात. तुमच्या मधल्या भिंतीवर आठ टन आहेत. बाहेरच्या भिंतीला एकाच बाजूचा स्लॅब, म्हणून गच्चीचे आणि मजल्याचे निम्मे, एकूण ६.१ टन. तिसरी, स्वयंपाकघराची आडवी भिंत. तिच्यावर स्लॅब टेकतच नाही, फक्त तिचं स्वतःचं वजन, सव्वाचार टन. आणि चर? तिन्हींना ८० सेंटिमीटर, कारण दोरी एकदाच मारतात आणि जेसीबीचं बकेट तेच असतं. मग मधल्या भिंतीखाली दाब १०, बाहेरच्या भिंतीखाली ७.७, आडवीखाली ५.३. मधली भिंत जास्त बसणार, आडवी कमी. दोघी सांध्याला एकमेकींत दातऱ्यांनी गुंतलेल्या. तडा जाणार तो तिथेच. पाया रुंद आहे म्हणून घर सुखरूप, असं मालकाला वाटत राहतं.

कैवारी : हा आक्षेप बरोबर आहे, आणि त्यावरचं उत्तर जुनं आहे. रुंदी भाराच्या प्रमाणात ठेवा. मधली ८०, बाहेरची ६१, आडवी ४३ निघते पण ५३ च्या खाली जायचं नाही. मग दाब दोन भिंतींखाली १० आणि तिसरीखाली ८. सगळ्या भिंती जवळपास सारख्या बसतील. घर दोन सेंटिमीटर सरळ बसलं तर फारसं काही बिघडत नाही. एक भिंत एक सेंटिमीटरने मागे राहिली तर बिघडतं.

साशंक : सारखा दाब म्हणजे सारखं बसणं, हे तुम्ही गृहीत धरलंत. मी तेच नाकारतो. दाब पायाच्या तळाशी संपत नाही, तो खाली जमिनीत उतरत जातो. जोसेफ बूसिनेस्क या फ्रेंच गणितज्ञाने १८८५ मध्ये एका बिंदूवरच्या भाराखाली जमिनीत दाब कसा पसरतो त्याचं सूत्र दिलं, आणि तेच वापरून सलग पट्टीखालचा दाबही काढता येतो. पट्टीच्या रुंदीइतकं खाली गेलं की मध्यरेषेवर मूळ दाबाचा सुमारे ५५ टक्के उरतो. दुप्पट खोलीवर ३० टक्के. आता तुमची मधली भिंत घ्या. ८० सेंटिमीटरची पट्टी, दाब १०. पायाच्या तळाखाली १.६ मीटरवर तिचा दाब सुमारे ३.१ टन. बाहेरची ६१ सेंटिमीटरची, दाब तोच १०, पण त्याच खोलीवर २.४ टन. आडवी भिंत, १.७. बघा काय झालं. वर तुम्ही दाब सारखा केलात, आणि साडेतीन हात खाली गेल्यावर तो पुन्हा भिंतींच्या भाराच्या प्रमाणातच वेगळा झाला. आठ, सहा, सव्वाचार.

आता रुंदी वाढवून बघू. त्याच आठ टनांच्या भिंतीला ८० ऐवजी १२० सेंटिमीटर पाया दिला. तळाशी दाब १० वरून ६.७ वर आला, दीडपट खर्चाचं समाधान मिळालं. पण १.६ मीटर खाली? ३.०६ चा २.९२ झाला. खालच्या मातीला तुमची रुंदी जवळजवळ दिसतच नाही. तिला दिसतात ते फक्त मीटरमागचे टन.

कैवारी : हा हिशेब मी आजवर असा मांडला नव्हता, पण आकडे नाकारता येत नाहीत. मग मला माझा दावा लहान करावा लागेल. पायरीचा पाया दोन गोष्टी करतो असं आपण बोलत आलो. एक, भिंतीखालची माती कडेने उचकटून बाहेर येऊ नये, पाया धसकन रुतू नये. दुसरी, घर हळूहळू कमी बसावं. पहिल्या कामात रुंदी कसाला उतरते, कारण रुतण्याचा धोका तळालगतच्या मातीत असतो आणि तिथला दाब रुंदीने खरोखर उतरतो. दुसऱ्या कामात, खोल आणि एकसारख्या चिकणमातीवर, रुंदी फार कमी उपयोगी पडते. तेवढं मी मानतो.

पण तुमचं म्हणणंही सगळीकडे लागू नाही. खाली मीटरभरावर मुरूम किंवा खडक असेल, आणि दख्खनमध्ये पुष्कळ ठिकाणी असतोच, तर १.६ मीटरवरचा दाब कोणाला बसवणार? खाली बसण्यासारखं काही नाहीच. तिथे बसणारा भाग फक्त वरचा मीटरभर, आणि त्यात रुंदीचा फायदा मिळतो.

साशंक : म्हणजे रुंदी ठरवण्याआधी खाली काय आहे ते माहीत हवं. चर खणून तळाला चांगली माती लागली, पहार मारून बघितली, जाईना, म्हणून पाया भरला, हे पुरत नाही. चराच्या तळाखाली रुंदीच्या दुपटीपर्यंत, म्हणजे तुमच्या घराला आणखी दीड-पावणेदोन मीटर, काय आहे ते बघायला हवं. एका कोपऱ्यात चाचणी-खड्डा घेतला, तर मजुरांचं एका दिवसाचं काम. पण तो कोणी घेत नाही. त्याऐवजी अर्धा फूट रुंदी जास्त ठेवतात आणि निर्धास्त होतात. रुंदीने ज्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, तोच प्रश्न रुंदीने मिटवतात.

कैवारी : खड्डा घ्यावा, यावर वाद नाही. एक खड्डाही पुरत नाही, घराच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत घ्यावा. एका कोपऱ्यात मुरूम दोन फुटांवर आणि दुसऱ्यात सहा फुटांवर, हे आपल्याकडे नवल नाही. अशा वेळी पाया उताराच्या दिशेने टप्प्याटप्प्याने खाली न्यायचा, प्रत्येक टप्पा सपाट, आणि वरचा थर खालच्या थरावर पुरेसा चढवलेला. आणि चर जास्त खणला गेला तर सुटी माती टाकून पुन्हा सपाट करायचं नाही, काँक्रीटनेच भरून घ्यायचं. रात्री पाऊस झाला आणि तळ मऊ पडला तर तो मऊ थर खरवडून काढायचा. हे वगळलं की बाकीचं गणित कोणत्या जमिनीचं केलं, हेच कळत नाही.

साशंक : तुम्ही दख्खनचं नाव घेतलंत, तर आता काळ्या मातीकडे येऊ. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर, खानदेश. तिथे पायरीचा पाया मला नुसता अपुरा वाटत नाही, उलटा वाटतो. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट असतं. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आता ही माती फुगताना जे ढकलते, तो दाब काही नमुन्यांत चौरस मीटरला २०-३० टनांपर्यंत जातो. तुमचं दुमजली घर खाली दाबतं १० टनांनी. कोण जिंकणार? आणि तुम्ही पाया रुंद करून दाब ६.७ वर आणलात तर घर उचलायला मातीला आणखी सोपं. शिवाय रुंद पट्टी म्हणजे मातीला ढकलायला जास्त जागा. जिथे जमीन घराला खाली घेते तिथे रुंदी कामाची. जिथे जमीन घराला वर उचलते तिथे रुंदी मातीच्या बाजूने लढते.

कैवारी : पूर्ण फुगण्याचा तो दाब प्रयोगशाळेतला आहे. कोरडा नमुना घट्ट कोंडून त्याला पाणी पाजलं तर येणारा. शेतात माती एवढी कोरडी आणि एवढी कोंडलेली क्वचितच असते. पण दिशा तुम्ही बरोबर सांगितली. काळ्या मातीवर रुंदी वाढवणं हे औषध नव्हे. तिथे पट्टी अरुंद ठेवून दाब जास्त ठेवावा, असंही सांगतात. त्याहून चांगलं म्हणजे काळी माती ओलांडून मुरमाला टेकणं. काळी माती मीटर-दीड मीटर असेल तर खर्च फार होत नाही, चर खोल खणायचा, खाली मुरमात बसवायचा. आणि चराच्या बाजूला काढलेली काळी माती परत भरायची नाही, मुरूम भरायचा. तसं केलं नाही तर बाजूची माती पायाच्या भिंतीला चिकटून तिला वर ओढते.

माती खोल असली तर मुरमाचा थर देता येतो. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवलं, की न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा मीटरभर जाड थर काळ्या मातीवर घट्ट धुमसून घातला तर खालचं फुगणं बरंच दबतं. मुरूम या कामाला चालतो, पण पाणी झिरपून जाणारा रेताड मुरूम नव्हे. वाळू घातली तर उलट तिथे पाणी साचून राहतं. या थरावर पायरीचा पाया बसवता येतो. भोवती तीन-चार फुटांची फरसबंदी, उतार बाहेरच्या बाजूला, आणि पन्हाळीचं पाणी जोत्याशी न पडू देणं, हे सगळं त्याच उपायाचा भाग आहे. घराखाली ओल वर्षभर सारखी राहिली पाहिजे.

साशंक : पण ती सारखी राहत नाही, हाच तर त्रास. घराच्या मध्याखालची माती झाकलेली, म्हणून ओली. कडांखालची उन्हाळ्यात सुकते आणि पावसाळ्यात भिजते. मध्य उभा राहतो, कडा वर-खाली करतात. न्हाणीघराचा पाइप फुटला की एक कोपरा एकटाच फुगतो. मुरमाचा मीटरभर थर आणि फरसबंदी हे पहिल्या वर्षी ठीक, पण दहा वर्षांनी फरसबंदी उखडते, शेजारी आंब्याचं झाड लावतो आणि ते माती सुकवतं. एवढ्या अटींवर ज्याची सुरक्षा अवलंबून, त्या पायापेक्षा माती ओलांडूनच जावं. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल यासाठीच रूढ केले. ३० सेंटिमीटरचं भोक, साधारण साडेतीन मीटर खोल, तळाशी त्याच्या अडीच पट रुंद फुगवटा. हंगामी फुगणं-आकसणं जिथे संपतं तिथे तो फुगवटा घट्ट धरून बसतो. वर एक काँक्रीटचा बीम, आणि बीमखाली मुद्दाम आठ सेंटिमीटर मोकळी जागा, म्हणजे माती फुगली तरी बीमला लागत नाही. तुमच्या आठ टनांच्या भिंतीला दर दोन मीटरवर एक पाइल दिला तर प्रत्येकावर १६ टन. पायऱ्या नकोत, रुंदी नको.

कैवारी : आणि त्याचं भोक फुगवायला खास अवजार हवं, ते चालवणारा माणूस हवा, आणि फुगवटा खरंच झाला की नुसती माती कोसळली, हे साडेतीन मीटर खाली कोणाला दिसत नाही. चरातली वीट मालक स्वतः बघू शकतो. मघाशी तुम्हीच विचारलंत, बुजल्यावर कोण बघतं. तो प्रश्न पाइलला जास्त लागू आहे.

साशंक : लागू आहे, मान्य. पण बघता येणं आणि टिकणं या दोन गोष्टी एक नाहीत. तुमचा पाया बघता येतो आणि तरी घराला तडे जातात.

कैवारी : मग तडेच विचारात घेऊ, कारण चुकलं कुठे हे तेच सांगतात. भिंतीतला तडा वर रुंद आणि खाली बारीक असेल तर टोकं खाली गेली किंवा मध्य वर आला. खाली रुंद आणि वर बारीक असेल तर मध्य बसला. तड्यावर प्लास्टरची छोटी पट्टी लावून तारीख लिहावी. ती मार्चमध्ये फुटली आणि तडा मे महिन्यापर्यंत वाढला, ऑगस्टमध्ये पुन्हा मिटू लागला, तर दोष ओलीचा, काळ्या मातीचा. तिथे पाया रुंद करून काही साधणार नाही, आधी पाणी बघा. तडा हंगाम न बघता एकाच दिशेने वाढत राहिला आणि हळूहळू मंदावला, तर पाया भाराने बसतो आहे. आपण दोघं ज्या दोन दोषांवर भांडतो आहोत, ते घरावर वेगवेगळे दिसतात. आणि या दोन्हीत घराला एकजूट ठेवणारी एक गोष्ट आहे, जी पायरीच्या आकृतीत नसते. जोत्याच्या पातळीला सगळ्या भिंतींवरून सलग जाणारा सळयांचा पट्टा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात पट्टा हा शब्द गावोगाव पोहोचला, पण तो फक्त भूकंपासाठी नाही. जमीन मऊ किंवा असमान असेल तर जोत्याचा पट्टा घालावा असं भारतीय मानकच सांगतं.

साशंक : पट्टा घर एकत्र वाकवतो, बसणं थांबवत नाही. आणि पट्टा घातलात की ताण सोसण्याचं काम विटेकडून सळईकडे गेलं. मग पायऱ्या विटांच्या का ठेवायच्या? पाव-पाव विटांचा तो सगळा खटाटोप सळया नव्हत्या म्हणून होता. तळाच्या थरात सळया घाला, पायऱ्या काढून टाका.

कैवारी : काढता येतील. पण चरात ओल कायम असते, सळईवर काँक्रीटचं आवरण कमी पडलं की ती गंजते, फुगते आणि थर आतून फोडते. गावातल्या कामात ते आवरण किती राहतं ते तुम्हाला माहीत आहे. नुसत्या विटा आणि साध्या काँक्रीटच्या पायाला गंजायला काही नाही. म्हणून माझी वाटणी अशी. खाली मुरूम किंवा खडक मीटर-दीड मीटरवर असेल, तर पायऱ्यांचा पाया, रुंदी भाराप्रमाणे, आणि जोत्याला पट्टा. खाली खोल चिकणमाती असेल, तर रुंदीवर विसंबू नये, भिंतींवरचे भारच जवळजवळ सारखे येतील अशी खोल्यांची रचना करावी. खोल काळी माती असेल, तर मुरमाचा थर आणि पाणी आवरणं, पाइल नंतर.

साशंक : पहिल्या दोनवर माझी हरकत नाही. दुसरीवर तर मी तुमच्याहून पुढे जाईन. खोल चिकणमातीवर घराचा नकाशा काढतानाच पाया ठरतो, चर मारताना नाही. तिसरीवर मात्र आपलं जमणार नाही. खोल काळ्या मातीत मी मुरमाचा थर मान्य करेन, पण पुढची तीस वर्षं घरमालक पन्हाळी आणि फरसबंदी सांभाळेल या भरवशावर नाही. तुम्ही पाया बघता येतो म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता, मी तो मालकाच्या सवयींवर अवलंबून नसला तरच ठेवतो.

कैवारी : आणि मी म्हणतो, पाइलचा फुगवटा ठेकेदाराच्या सवयीवर अवलंबून आहे. तीस वर्षं मालकावर विश्वास ठेवायचा की एक दिवस ठेकेदारावर, एवढाच फरक उरला. हे ज्याचं त्याने, खड्ड्यात खाली काय दिसलं आणि काम कोण करणार आहे ते बघून, ठरवावं. फक्त ‘पाया रुंद ठेवा’ एवढं सांगून कोणी सुटू नये, मीसुद्धा.